380 रुपयांची सवलत आणि 2400 रुपयांची बॅग

धाकट्या बहिणीला ऑक्टोबर 2024 मध्ये मुलगी झाली. ती नोएडाला असते. दिवाळीच्या सुट्टीत बाळाला बघायला जायचं ठरलं. मी, आई (वय 68) आणि माझी सात वर्षांची लेक, अशा तिघी. पुणे ते दिल्ली विमानाने. याआधी मी विमानात बसले होते, पण तिकीट नेहमी ऑफिस काढायचं आणि बरोबर एक लॅपटॉप नि दोन दिवसांचे कपडे. स्वतःच्या पैशाने, आईला आणि पोरीला घेऊन, तीन मोठ्या बॅगांसह ही पहिलीच खेप. जाताना तिकिटाखेरीज किती पैसे गेले आणि येताना किती, ते दोन्ही लिहिते.

9 ऑक्टोबरला रात्री तिकिटं काढायला बसले. माझं आणि लेकीचं प्रत्येकी 6150. आईसाठी ज्येष्ठ नागरिक सवलत दिसली, 380 रुपये कमी. पण त्या संकेतस्थळावर एका बुकिंगला एकच प्रकारची सवलत चालत होती, आणि ज्येष्ठ म्हटलं की बुकिंगमधले सगळेच ज्येष्ठ हवेत. मग काय, आईचं तिकीट वेगळं काढलं. म्हणजे तिचा पीएनआर वेगळा, आमचा वेगळा. तेव्हा याचं काहीच वाटलं नाही. 380 वाचले याचाच आनंद.

पैसे भरायच्या पानावर दोन गोष्टी वाढल्या. पहिली कन्व्हिनियन्स फी, माणशी 350, म्हणजे तिघींचे 1050. ही चुकवता आली नाही. कार्ड, यूपीआय सगळं करून पाहिलं. तिकीट रद्द केलं तर ती परतही मिळत नाही असं खाली बारीक अक्षरात होतं. दुसरी गोष्ट प्रवास विमा, 249 रुपये. आमच्या बुकिंगमध्ये मी टिक काढली. आईच्या बुकिंगपर्यंत येईतो साडेअकरा वाजले होते, ओटीपीची घाई, आणि तिथे आधीपासून केलेली ती टिक तशीच राहिली. दुसऱ्या दिवशी ईमेल पाहिल्यावर कळलं. न विचारता टोपलीत वस्तू टाकण्याचा हा प्रकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या मांडणीत धरला आहे. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. असतं तरी रात्री साडेअकराला मी 249 रुपयांसाठी भांडले नसते. आता पैसे भरायच्या आधी एकूण रक्कम वहीत लिहिते आणि तिकिटाच्या भाड्याशी ताडून बघते. फरक कशाचा ते सांगता आलं तरच पुढे.

विमान 6 नोव्हेंबरला, सकाळी 10:40 चं. 48 तास आधी, म्हणजे 4 तारखेला बरोबर 10:40 ला मोबाइलवर निरोप आला: वेब चेक-इन सुरू झालं आहे, आवडती सीट निवडा. मी उघडलं. विमानाचा नकाशा आला आणि त्यातल्या प्रत्येक खुर्चीवर किंमत. पुढच्या रांगा हजाराच्या वर, मधल्या चार-पाचशे, अगदी मागची दोघांच्या मधली खुर्चीसुद्धा 250. फुकट अशी एकही दिसेना. खाली मोठं निळं बटण पैसे भरण्याचं. माझ्या मनात एकच विचार: सीट नाही घेतली तर लेक एकीकडे, मी दुसरीकडे, आई तिसरीकडे. तिचा गुडघा दुखतो, तिला कडेची खुर्ची हवी. लेकीला खिडकी. 400, 250 आणि 400 असे 1050 भरून मोकळी झाले.

यातलं काहीच भरायची गरज नव्हती. त्याच पानावर वरच्या कोपऱ्यात करड्या रंगात, वाचायला डोळे बारीक करावे लागतील असं ‘स्किप’ लिहिलेलं होतं. ते दाबलं की संगणक स्वतः खुर्ची देतो आणि चेक-इन पूर्ण होतं, पैसे शून्य. वेब चेक-इन आणि सीट निवडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पानावर त्या एकमेकींना चिकटवून ठेवलेल्या असतात. हवाई वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या नियमाप्रमाणे पसंतीची सीट ही प्रवाशाने स्वतःहून मागून घ्यायची सेवा आहे. ती घ्यावीच लागेल असं नाही.

आणि लेक माझ्यापासून लांब बसेल ही भीती? एप्रिल 2024 मध्ये डीजीसीएने विमान कंपन्यांना सांगितलं की 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या आई, वडील किंवा पालक यांच्यापैकी किमान एकाच्या शेजारी जागा द्यावी. लेक माझ्याच पीएनआरवर होती. तिच्या आणि माझ्या खुर्चीचे 650 रुपये मी निव्वळ भीतीपोटी भरले. यात एक मेख आहे, ती नीट वाचा: ‘त्याच पीएनआरवर’. मुलाचं तिकीट आजीबरोबर आणि आईचं वेगळं असं काढलं असेल, तर मूल आजीजवळ बसेल, आईजवळ बसेलच असं नाही. आणि शेजारी म्हणजे खिडकी नव्हे. खिडकीच हवी असेल तर ती आवड झाली, तिचे पैसे पडू शकतात.

भाऊ म्हणत होता, वेब चेक-इन केलं नाहीस तर काउंटरवर बोर्डिंग पासचे दोनशे रुपये घेतात. त्याने 2021 मध्ये भरले होते, कोविडच्या काळात, तेव्हा खरंच घेत होते. पण 21 जुलै 2022 ला नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने जाहीर केलं की काउंटरवर बोर्डिंग पास देण्यासाठी वेगळा आकार घेणं विमान नियम, 1937 ला धरून नाही, आणि देशांतर्गत प्रवासात ते बंद झालं. म्हणून मोबाइल न वापरणाऱ्या आजी-आजोबांनी थेट काउंटरवर गेलं तरी त्याचे पैसे नाहीत, फक्त वेळेत पोचायला हवं. बहुतेक ठिकाणी सुटण्याच्या 60 मिनिटं आधी काउंटर बंद होतो. परदेशात मात्र हे गृहीत धरू नका. युरोपातल्या काही स्वस्त कंपन्या विमानतळावर चेक-इन करण्याचे पन्नासेक युरो खरोखर घेतात.

आता बॅगा.

नियम साधा होता: माणशी 15 किलो चेक-इन, एकच बॅग, आणि 7 किलो हातातलं. दोन वर्षांवरच्या मुलाला मोठ्यांइतकंच, म्हणजे लेकीचेही पूर्ण 15 आणि 7. तिघींचे मिळून 45. घरातल्या वजनकाट्यावर मी बॅग कडेवर घेऊन उभी राहिले, मग बॅग ठेवून उभी राहिले, वजाबाकी केली. एकूण 43 आणि थोडं वर. झालं, बसतंय, म्हणून निवांत झोपले.

आईच्या बॅगेत बाळंतिणीचा खाऊ होता. तीन किलो डिंकाचे लाडू, आळीव, मेतकूट, घरचं लाल तिखट, लिंबाचं लोणचं, बाळाची झबली-दुपटी, आणि तिने माझ्या नकळत घातलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. माझी आणि लेकीची बॅग त्यामानाने हलकी.

6 तारखेला सव्वाआठला लोहगावला पोचलो. काउंटरवर मी उत्साहाने आधी आमचा पीएनआर दिला. माझी बॅग 13.8, लेकीची 9.6. पट्ट्यावर ठेवल्या, टॅग लागले, गेल्या आत. मग आईचा पीएनआर, आईची बॅग. काट्यावर आकडा आला 20.2.

“मॅडम, पाच किलो जास्त आहे. सहाशे रुपये किलो. तीन हजार होतील.”

मी म्हटलं, अहो पण आमच्या दोन बॅगा मिळून सव्वातेवीसच भरल्या, आमचे साडेसहा किलो शिल्लक आहेत की. ती मुलगी शांतपणे म्हणाली, “एकाच पीएनआरवर असता तर एकत्र धरलं असतं. यांचा पीएनआर वेगळा आहे.” 380 रुपयांची सवलत त्या क्षणी मला आठवली. मग म्हटलं, निदान यातले लाडू आमच्या बॅगेत टाकते. पण आमच्या बॅगा पट्ट्यावरून केव्हाच आत गेल्या होत्या.

तेवढ्यात तिने समोरच्या फलकाकडे बोट दाखवून विचारलं, यातलं काही आहे का? फलकावर फटाके, लायटर, गॅसचा डबा यांच्या रांगेत सुकं खोबरंही होतं. आईने माझ्याकडे पाहिलं. त्यात तेल भरपूर असतं आणि ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात ते ना हातात चालतं ना चेक-इनच्या बॅगेत. बॅग उघडली, 800 ग्रॅम खोबरं बाहेर काढलं, नवरा गाडी घेऊन अजून बाहेरच होता, त्याला फोन करून दारावरच्या जवानाच्या परवानगीने ती पिशवी देऊन आले. वजन झालं 19.4. वरचे चारशे ग्रॅम तिने सोडून दिले आणि चार किलोचे 2400 घेतले. आई म्हणाली, “बघ, खोबऱ्याने सहाशे वाचवले.”

विमानात बसल्यावर राग शांत झाला आणि मी तिकिटाच्या पाठीमागे आकडे मांडले. बॅगा तीन: 19.4, 13.8 आणि 9.6. आमच्या पीएनआरला दोघींचे मिळून 30 किलो. आईला 15. मी फक्त बॅगांची अदलाबदल करायला हवी होती. आईची जड बॅग आणि लेकीची हलकी बॅग आमच्या पीएनआरवर: 19.4 अधिक 9.6 म्हणजे 29. आणि माझी 13.8 ची बॅग आईच्या नावावर. दोन्हीकडे मर्यादेच्या आत. एकही लाडू न हलवता, शून्य रुपये. बॅग कोणाच्या कपड्यांची आहे हे काट्याला माहीत नसतं. टॅग कोणत्या पीएनआरवर निघतो एवढंच मोजलं जातं. अर्थात ज्याच्या नावाने टॅग निघतो, आत जे असेल त्याची जबाबदारी त्याची. म्हणून हे आपल्या घरच्या माणसांपुरतंच. रांगेतल्या अनोळखी माणसाची बॅग ‘जरा तुमच्यावर घ्या’ म्हणून कधीही घेऊ नका.

यातून मी जे शिकले ते एवढंच की सगळ्या बॅगा काट्यावर ठेवून बघितल्याशिवाय एकही आत जाऊ द्यायची नाही. काउंटरवर आधी सांगायचं, आम्ही एकत्र आहोत, तिन्हींचं वजन आधी बघूया. कोणी नाही म्हणत नाही.

दुसरीही एक वाट होती. हातातल्या सामानाचे तिघींचे मिळून 21 किलो, आणि आमच्याकडे एक सॅक नि आईची पर्स, सगळं मिळून सहा किलो. तीन किलो लाडू, मेतकूट आणि दुपटी सहज हातात घेता आली असती. पण कशात घेणार? रिकामी पिशवीच नव्हती. आता घडी होणारी एक कापडी बॅग नेहमी मोठ्या बॅगेत सगळ्यात वर असते. मात्र हातात काय हलवता येईल याला मर्यादा आहे. लोणचं सुरक्षा तपासणीत काढून घेतात, लाल तिखटाचंही तेच, सुरी-कात्रीचं तर सांगायलाच नको. म्हणजे बॅग भरतानाच लोणचं नि तिखट तळाला, आणि लाडू, कपडे, पुस्तकं यांच्यासारखं हलवता येण्याजोगं जड सामान वर ठेवायचं. उलट पॉवर बँक हातातच हवी, ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. हातातली बॅगही मोजतात: माणशी एकच, 7 किलो, आणि लांबी, रुंदी, उंची मिळून 115 सेंटिमीटरच्या आत. आईच्या पर्सला आणि छोट्या लॅपटॉप बॅगेला सहसा कोणी अडवत नाही.

नोएडाला पोचल्यावर भावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “सहाशे? शंभर रुपये किलो असतं!” त्याचंही चूक नव्हतं. 2016 मध्ये डीजीसीएने 15 ते 20 किलोच्या मधल्या वजनाला किलोमागे 100 रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. कंपन्या न्यायालयात गेल्या आणि 2017 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती मर्यादा रद्द केली. तेव्हापासून दर ज्याचा तो ठरवतो. त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबू नका, आपल्या कंपनीचा दर तिकीट काढतानाच बघून ठेवा.

परतीचा प्रवास 16 नोव्हेंबरला. आईला अजून राहायचं होतं, पण तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. परतीची तिकिटंही मी तशीच दोन पीएनआरवर काढून ठेवली होती, त्यामुळे ती चूक सुधारता येणार नव्हती. कंपनीला फोन केला, वीस मिनिटं गाणं ऐकलं, मग कळलं की दोन बुकिंग एकत्र प्रवास करत आहेत अशी नोंद ते करतात, पण वजन एकत्र धरत नाहीत.

मेव्हण्याने 400 रुपयांचा हुकाला लटकवायचा डिजिटल काटा आणला. खाऊ संपला होता, पण त्याच्या जागी दोन रजया, गजक, रेवड्या, लेकीचे बूट आणि बहिणीने दिलेल्या साड्या आल्या होत्या. तीन बॅगा भरल्या: 17.2, 14.6 आणि 11.9. कागदावर मांडलं. पहिली आणि तिसरी आमच्यावर, 29.1. मधली आईवर, 14.6. बसत होतं, जेमतेम.

आदल्या रात्री मला धीर धरवेना, म्हणून जास्तीचं वजन आधीच विकत घेऊन ठेवावं का ते पाहिलं. ते सुट्या किलोने मिळत नाही, टप्प्यांत मिळतं. 3 किलोचे 1350, 5 किलोचे 2250. म्हणजे किलोमागे 450, विमानतळावर 600. ऐकायला स्वस्त, पण हिशेब केल्यावर वेगळंच दिसलं. दोन किलो जास्त होणार असेल तर काउंटरवर 1200 आणि आधी घेतलं तर 1350. चार किलोला काउंटरवर 2400 आणि आधी 2250; फायदा फक्त दीडशेचा. पाच किलो पूर्ण जास्त असतील तेव्हा खरा फरक पडतो, 750 रुपयांचा. शिवाय एकदा घेतलेले पैसे, वजन कमी भरलं म्हणून, परत मिळत नाहीत. मी काही घेतलं नाही.

14 तारखेला वेब चेक-इन उघडलं, तोच नकाशा, त्याच किंमती. या वेळी स्किप दाबलं. त्यानंतर आणखी एक पान आलं, ‘खात्री आहे ना? तुम्हाला कुठलीही सीट मिळू शकते’, असं घाबरवणारं. पुन्हा स्किप. लेक आणि मी 27 ई आणि 27 एफ, अगदी मागे, पण शेजारी, आणि खिडकीसुद्धा मिळाली. आईला 19 बी, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. तिथे पैसे देऊन बदलायचा मोह झाला. आवरला.

दिल्लीच्या विमानतळावर सव्वादोन तास आधी पोचलो. बाहेर धुरकं इतकं की टर्मिनलची पाटी जवळ गेल्यावरच दिसली. काउंटरवर मी आधीच सांगितलं, दोन पीएनआर आहेत, बॅगा अशा अशा लावायच्या आहेत. मधली बॅग काट्यावर ठेवली: 14.9. माझ्या पोटात गोळा आला, कारण घरी ती 14.6 होती. लटकत्या काट्यात आणि पट्ट्याच्या काट्यात दोन-तीनशे ग्रॅमचा फरक पडतो, म्हणून अर्धा किलो मोकळा ठेवूनच भरा. आमच्या दोन मिळून 29.4. टॅग निघाले, पैसे शून्य.

मग आईच्या गुडघ्याचं सांगितलं, कडेची खुर्ची मिळेल का विचारलं. तो मुलगा म्हणाला, “देखता हूँ आंटी,” आणि 25 सी चा नवा बोर्डिंग पास छापून दिला. फुकट. हे हक्काने मागता येत नाही. विमान गच्च भरलं असतं तर नाही म्हणाला असता. ज्यांना पाय दुमडताच येत नाही किंवा वारंवार उठावं लागतं, त्यांनी कडेच्या खुर्चीचे चारशे रुपये सरळ भरावेत, त्यात काही चुकीचं नाही. चाकाची खुर्ची लागणार असेल तर ती मात्र तिकिटाबरोबरच मागून ठेवा.

विमान धुरक्यामुळे दोन तास उशिरा सुटलं.

घरी आल्यावर दोन्ही वेळचे वरचे पैसे लिहिले. जाताना: बॅग 2400, सीट 1050, कन्व्हिनियन्स फी 1050, विमा 249. एकूण 4749. येताना: कन्व्हिनियन्स फी 1050, बाकी काही नाही. म्हणजे जातानाच्या 4749 पैकी 3699 रुपये टाळता येण्यासारखे होते, आणि त्यातले 2400 तर फक्त बॅगा कोणत्या क्रमाने पट्ट्यावर ठेवल्या त्यामुळे गेले.

तो लटकता काटा आता आईकडे आहे. मागच्या महिन्यात रद्दीवाला आला तेव्हा तिने गठ्ठा त्याला द्यायच्या आधी स्वतः हुकाला लावला. त्याच्या काट्यावर दीड किलो कमी भरला.